पाचवी नोंद आणि एकोणचाळिसावी नोंद

वॉशिंग्टनच्या पेटंट कार्यालयात रोज जमा होणाऱ्या शुल्काची एक रोजकीर्द ठेवली जात असे. १४ फेब्रुवारी १८७६, सोमवार. त्या दिवसाच्या नोंदींमध्ये पाचवी नोंद आहे ए. जी. बेल यांची, पंधरा डॉलरची. एकोणचाळिसावी आहे ई. ग्रे यांची, दहा डॉलरची. पहिला माणूस म्हणजे बोस्टनमध्ये कर्णबधिरांना बोलायला शिकवणारा अलेक्झांडर ग्रॅहम बेल. दुसरा, शिकागोजवळ राहणारा आणि विजेच्या उपकरणांच्या धंद्यात आधीच नाव कमावलेला इलायशा ग्रे. दोघांच्याही कागदांत एकाच गोष्टीचे वर्णन होते: माणसाचा आवाज तारेतून पलीकडे पोहोचवायची युक्ती.

दोन प्रतिस्पर्धी, एकच यंत्र आणि एकच दिवस. लघुकथेला याहून चांगले बीज मिळणे कठीण, आणि ही गोष्ट गेली दीडशे वर्षे तशीच सांगितली जाते. बेल दोन तास आधी पोहोचला आणि जगप्रसिद्ध झाला. ग्रे दोन तास उशिरा पोहोचला आणि विस्मृतीत गेला. शाळेतल्या विज्ञानाच्या तासाला आपल्यापैकी अनेकांनी ती ऐकलेली असते. पण कागदपत्रे वाचू लागले की ही शर्यत हळूहळू विरघळते. बेल तर त्या दिवशी वॉशिंग्टनमध्ये नव्हताच, तो बोस्टनमध्ये होता. कागद नेले ते वकिलांनी. आणि मुख्य म्हणजे, त्या काळच्या अमेरिकी कायद्यात आधी कोण पोहोचला यावर पेटंट ठरतच नव्हते. ते ठरत होते आधी कोणाला सुचले यावर.

मग दोन तासांना एवढे महत्त्व आले कुठून? सगळी गुंतागुंत या प्रश्नाच्या उत्तरात आहे.

बेलने दिला होता तो पेटंटचा पूर्ण अर्ज. ग्रेने दिले होते ते कॅव्हेट. आपल्याकडे कोर्टात कॅव्हेट दाखल करतात ते आपले म्हणणे ऐकल्याशिवाय समोरच्याच्या बाजूने हुकूम होऊ नये म्हणून. अमेरिकेच्या पेटंट कायद्यात १८३६ पासून असलेले कॅव्हेट याच जातीचे. शोधक त्यात कार्यालयाला कळवायचा की अमुक कल्पनेवर माझे काम चालू आहे, ते पुरे व्हायचे आहे, तोवर हा कागद गुप्त ठेवा. शुल्क दहा डॉलर, मुदत एक वर्ष. त्या वर्षात त्याच विषयावर दुसऱ्या कोणाचा पूर्ण अर्ज आला, तर कार्यालय तो अर्ज थांबवून ठेवी आणि कॅव्हेटवाल्याला कळवी: तीन महिन्यांत तुमचा पूर्ण अर्ज द्या. तसा अर्ज आला की दोन्ही पक्षांची रीतसर चौकशी होई. वह्या, चित्रे, साक्षीदार तपासून आधी कोणाला सुचले ते ठरवले जाई.

मात्र हे संरक्षण कॅव्हेटनंतर आलेल्या अर्जांविरुद्धच होते. अर्ज आधी आणि कॅव्हेट नंतर असेल, तर अर्ज थांबवायचे कारण उरत नाही. ग्रेचे कॅव्हेट एक दिवस आधी आले असते तर बेलचा अर्ज निःसंशय अडकला असता. एक दिवस नंतर आले असते तर अडकला नसता. दोन्ही एकाच दिवशी आले, म्हणून पेच पडला.

कार्यालयातल्या परीक्षकाचे नाव होते झीनस विल्बर. त्याने दोन्ही कागद शेजारी ठेवले. बेलच्या पाच दाव्यांपैकी पहिला, चौथा आणि पाचवा दावा एका प्रलंबित कॅव्हेटमधल्या मजकुराशी जुळतो, असे त्याला दिसले. १९ फेब्रुवारीला त्याने बेलच्या वकिलांना पत्र लिहून अर्ज तीन महिन्यांसाठी स्थगित केला. नेहमीची रीत हीच होती, कारण कार्यालय सहसा दिवसाचे तुकडे पाडत नसे. एका तारखेला आलेले सगळे कागद एकाच वेळी आले असे मानले जाई.

बेलचे वकील पोलॉक आणि बेली मुरलेले होते. त्यांनी आक्षेप घेतला: आमचा अर्ज त्या दिवशी कॅव्हेटच्या आधी आला होता, तुमचीच वही काढून पाहा. प्रभारी आयुक्त एलिस स्पिअर यांनी रोजकीर्द मागवली, पाचवी नोंद पाहिली, एकोणचाळिसावी पाहिली आणि स्थगिती उठवली. ७ मार्चला बेलला पेटंट मिळाले. क्रमांक १,७४,४६५. अर्ज देऊन पुरते चार आठवडेही झाले नव्हते.

ग्रेच्या बाजूने पुढे असे सांगितले गेले की त्याचे कॅव्हेट सकाळीच कार्यालयात पोहोचले होते, पण ते आवक कागदांच्या गठ्ठ्यात तळाशी पडून राहिले आणि त्याची नोंद दुपारी झाली. बेलच्या वकिलाने मात्र आपला अर्ज हाती देऊन तिथल्या तिथे नोंदवून घेतला आणि परीक्षकाकडे पोहोचवला. हे खरे असेल तर रोजकीर्द सांगते ती पैसे लिहून घेतल्याची क्रमवारी, कागद दाराशी आल्याची नव्हे. आज याचा निवाडा करायला पुरावा नाही. पण एक गोष्ट मला स्पष्ट दिसते. ज्या वहीचा उद्देश शुल्काचा हिशेब ठेवणे एवढाच होता, तिच्यातल्या ओळींच्या क्रमावरून एका शोधाची चौकशी टळली. स्पिअर यांचा निर्णय नियमाच्या अक्षराला धरून असेल, तरी तो घाईचा होता. स्थगिती राहिली असती तर फार तर तीन महिने गेले असते, आणि पुढच्या बारा वर्षांच्या कोर्टकज्ज्यातले अनेक प्रश्न साक्षीदारांच्या आठवणी ताज्या असतानाच विचारले गेले असते.

आता त्या कागदांमध्ये काय होते ते पाहू, कारण वादाचे मूळ तिथे आहे.

बेल आणि ग्रे दोघेही मुळात टेलिफोनच्या मागे नव्हते. त्यांना हवे होते असे तारायंत्र, ज्यात एकाच तारेवरून एकाच वेळी अनेक संदेश जातील. प्रत्येक संदेशाला वेगळा सूर द्यायचा आणि पलीकडे त्या त्या सुराला प्रतिसाद देणाऱ्या पट्टीने तो वेगळा काढायचा, ही कल्पना. तारा टाकण्याचा खर्च प्रचंड असल्याने हे ज्याला जमेल त्याला तार कंपन्या हवा तो पैसा देणार होत्या. बेलच्या पाठीशी त्याचे होणारे सासरे, वकील गार्डिनर हबर्ड होते. ग्रेच्या पाठीशी फिलाडेल्फियातले दंतवैद्यकीय साहित्याचे कारखानदार सॅम्युअल व्हाइट. दोन्ही पाठीराख्यांना बोलणारी तार हा वेळेचा अपव्यय वाटत होता.

तारायंत्रात प्रवाह चालू होतो आणि तुटतो, एवढेच. कड, कट्ट. त्याने सूर पाठवता येतो, शब्द पाठवता येत नाही, कारण बोलताना हवेचा दाब सतत चढत-उतरत असतो आणि त्या चढउताराच्या आकारातच अक्षरे असतात. ‘क’ आणि ‘प’ यांतला फरक चालू-बंद अशा दोन अवस्थांत मावत नाही. बोलणे पाठवायचे तर प्रवाह न तुटता आवाजाच्याच आकाराने कमी-जास्त झाला पाहिजे. बेलने याला लहरता प्रवाह म्हटले, आणि हे मर्म त्याला फेब्रुवारी १८७६ च्या बरेच आधी कळले होते याबद्दल शंका घ्यायला जागा नाही. २ जून १८७५ रोजी बोस्टनमध्ये त्याचा सहायक थॉमस वॉटसन एक अडकलेली पोलादी पट्टी बोटाने छेडत होता. दुसऱ्या खोलीत बेलला नुसती टिकटिक ऐकू आली नाही, तर पट्टीचा झंकार त्याच्या छटांसह ऐकू आला. चुंबकापुढे थरथरणारे लोखंड तारेत स्वतःच लहरता प्रवाह निर्माण करते, हे त्या दिवशी त्याच्या कानाला कळले.

असा प्रवाह मिळवायचे दोन मार्ग आहेत. पहिला हाच: आवाजाने पडदा हलवायचा, पडद्याला जोडलेले लोखंड विद्युतचुंबकापुढे हलवायचे, आणि त्या हालचालीतून जी इवलीशी वीज निर्माण होईल ती पाठवायची. यात माणसाच्या आवाजाची ताकद हीच सगळी पुंजी, त्यामुळे प्रवाह अतिशय क्षीण. दुसऱ्या मार्गात वीज बॅटरीची असते. आवाजाने फक्त तिच्या वाटेतला विद्युत रोध कमी-जास्त करायचा. नळाची चावी फिरवायला थोडे बळ पुरते, पाणी मात्र टाकीच्या दाबाने येते, तसेच हे. म्हणून दुसरा मार्ग कितीतरी जास्त जोरकस आवाज देतो. पुढे एडिसनने कोळशाची कळ वापरून तयार केलेला प्रेषक याच दुसऱ्या मार्गाचा, आणि टेलिफोन दूरवर ऐकू जाऊ लागला तो त्यामुळे.

ग्रेचे कॅव्हेट सगळेच्या सगळे या दुसऱ्या मार्गाचे होते. पडद्याला खाली एक तार जोडलेली. तिचे टोक एका भांड्यातल्या द्रवात बुडालेले. भांड्यात पाणी, किंवा वीज वाहून नेणारा दुसरा एखादा द्रव. माणूस वरून बोलला की पडदा हलतो, तारेचे टोक द्रवात खोल जाते किंवा वर येते, त्याबरोबर रोध बदलतो आणि प्रवाह आवाजासारखा लहरतो. ग्रेने सोबत चित्र काढले होते: एक माणूस भांड्यावर वाकून बोलतो आहे, दुसरा पलीकडे कानाशी यंत्र लावून ऐकतो आहे. पहिले कच्चे चित्र ११ फेब्रुवारीचे, म्हणजे तीनच दिवसांपूर्वीचे.

बेलचा अर्ज याउलट. त्याचे शीर्षकच ‘तारायंत्रातील सुधारणा’. अर्जाचा फार मोठा भाग पहिल्या मार्गावर आणि अनेक संदेशांच्या तारेवर खर्ची पडलेला. बोलण्याचा उल्लेख शेवटाकडे. आणि मध्येच एक परिच्छेद असा की, परिपथाचा रोधही बदलता येईल. उदाहरणार्थ, पारा किंवा दुसरा एखादा द्रव वाटेत ठेवून त्यात तार कमी-जास्त बुडवली तर रोध कमी-जास्त होईल. यंत्राचे चित्र नाही, मापे नाहीत. पण दुसरा मार्ग या परिच्छेदामुळे पेटंटच्या कक्षेत आला, आणि चौथा दावा त्यावरच उभा राहिला.

हा परिच्छेद केव्हा लिहिला गेला, हा दीडशे वर्षांचा वाद आहे.

बेलचा अर्ज २० जानेवारी १८७६ रोजीच बोस्टनमध्ये शपथेवर सही होऊन तयार होता. तो लगेच दाखल झाला नाही याला कारण ब्रिटन. बाहेरच्या देशात आधी पेटंट झालेल्या शोधाला तिथे अडचण येत असे, म्हणून बेलने टोरोंटोचे पत्रकार आणि राजकारणी जॉर्ज ब्राउन यांच्याशी करार केला होता. ब्राउन यांनी अर्जाची प्रत घेऊन लंडनला जायचे, तिथे अर्ज द्यायचा आणि तसे कळवायचे. तोवर वॉशिंग्टनमध्ये थांबायचे. ब्राउन २६ जानेवारीला न्यूयॉर्कहून बोटीने निघाले. तिकडे त्यांनी तो अर्ज दिलाच नाही. इकडे हबर्ड यांचा धीर सुटला आणि त्यांनी १४ फेब्रुवारीला बेलला न विचारता अर्ज दाखल करून टाकला.

ब्राउन यांनी नेलेली प्रत पुढे कोर्टात आली. तिच्यात पारा आणि द्रवाचा तो परिच्छेद नाही. बेलच्या हातच्या एका मसुद्यात तो आहे, पण समासात घातलेला. म्हणजे बाकी अर्ज लिहून झाल्यावर तो आला, एवढे नक्की. बेलचे म्हणणे, तो शपथ घेण्याआधी, जानेवारीतच शेवटच्या क्षणी घातला. ए. एडवर्ड इव्हेन्सन यांनी २००० साली आणि सेथ शुलमन यांनी २००८ साली या प्रकरणावर पुस्तके लिहिली. दोघांचा रोख असा की ग्रेच्या कॅव्हेटमधला मजकूर बेलच्या बाजूला कळला होता. इव्हेन्सन यांचा संशय बेलपेक्षा वकिलांवर जास्त आहे.

बेलच्या बाजूने एक भक्कम मुद्दा आहे आणि तो न सांगणे अन्यायाचे होईल. द्रवात तार बुडवायची कल्पना त्याला नवी नव्हती. १८७५ च्या एका आधीच्या अर्जात त्याने परिपथ जोडण्या-तोडण्यासाठी पाऱ्याचा वापर सांगितला होता. तेव्हा ‘पारा किंवा दुसरा द्रव’ हे शब्द त्याच्या मनात कुठून आले, याला चोरीखेरीज दुसरे सरळ उत्तर आहे.

पण पुढच्या घटना त्याला तितक्या अनुकूल नाहीत. स्थगिती उठल्याच्या सुमारास, फेब्रुवारीच्या अखेरीस, बेल स्वतः वॉशिंग्टनला गेला आणि विल्बरला भेटला. कॅव्हेट गुप्त असते, ते विल्बरने दाखवले नाही. माझ्याच अर्जातल्या कुठल्या परिच्छेदाशी त्याचा संघर्ष आहे तेवढे बोट ठेवून दाखवले, असे बेलने शपथेवर सांगितले. आता वर्षभराने, २ मार्च १८७७ रोजी बेलने ग्रेला लिहिलेले पत्र पाहा. तुमच्या कॅव्हेटचे स्वरूप मला माहीत नाही, एवढेच ठाऊक आहे की पाण्यात तार थरथरण्याशी त्याचा काहीतरी संबंध होता, अशा अर्थाचे वाक्य त्यात आहे. बेलच्या अर्जातल्या परिच्छेदात पारा आहे, ‘दुसरा द्रव’ आहे; पाण्याचा उल्लेख नाही. नुसते बोट ठेवल्याने त्याला पाणी कसे कळले असेल?

७ मार्चला बेल बोस्टनला परतला. ८ मार्चला त्याच्या वहीत पाण्याचे प्रयोग सुरू झालेले दिसतात, आधी कधी न दिसलेले. ९ मार्चच्या पानावर एक चित्र आहे: एक माणूस पडद्यावर वाकून खाली बोलतो आहे, पडद्याखाली तार, तार द्रवात. ग्रेच्या चित्राची मांडणी आणि ही मांडणी यांत जे साम्य आहे ते नजरेत भरते. १० मार्चला आम्ल मिसळलेल्या पाण्याचे असेच यंत्र वापरून बेलने वॉटसनला दुसऱ्या खोलीतून हाक मारली, आणि ती त्याला शब्दशः ऐकू आली. जगातले पहिले म्हणून गाजलेले टेलिफोनवरचे वाक्य हेच. ते ज्या यंत्रातून गेले त्याची रचना ग्रेच्या कॅव्हेटची होती.

याच्या पुढचीही एक गोष्ट लक्षात ठेवायला हवी. त्या वर्षी जूनमध्ये फिलाडेल्फियाच्या प्रदर्शनात बेलने ब्राझीलचे सम्राट आणि भौतिकशास्त्रज्ञ सर विल्यम थॉमसन यांच्यासमोर प्रयोग केला तेव्हा ऐकणाऱ्यांमध्ये ग्रेही होता. त्या दिवशी बेलने पाण्याचे यंत्र वापरले नाही. चुंबकाचे, म्हणजे त्याचे स्वतःचे, पहिल्या मार्गाचे वापरले. धंद्यातही त्याने पाण्याचे यंत्र कधी आणले नाही. त्यामुळे ग्रेची कल्पना उचलून बेलने टेलिफोन उभा केला, असे म्हणणेही चूक आहे. त्याने ती वापरली ती बोलणे खरोखर जाते का हे पाहण्यासाठी. माझ्या मते आक्षेपाची खरी जागा तेवढीच आहे, आणि ती लहान नाही.

विल्बरने दहा वर्षांनी, एप्रिल १८८६ मध्ये, प्रतिज्ञापत्रावर कबुली दिली: मला दारूचे व्यसन होते, बेलचे वकील बेली हे माझे लष्करातले जुने स्नेही, त्यांचे पैसे मी देणे होतो, आणि मी बेलला ग्रेचे कॅव्हेट दाखवले, बेलने मला शंभर डॉलर दिले. बेलने हे शपथेवर नाकारले. अडचण अशी की याच विल्बरने काही महिन्यांपूर्वी नेमके उलट सांगणारे प्रतिज्ञापत्र दिले होते, आणि दुसरे दिले तेव्हा तो बेलच्या विरोधकांच्या हाताशी होता. दोन परस्परविरोधी शपथा घेणाऱ्या साक्षीदाराच्या कुठल्याही शपथेवर निकाल उभा राहू शकत नाही. ग्रेच्या बाजूने बोलणारे पुष्कळजण विल्बरच्या कबुलीवर भर देतात. मला तो त्यांचा कच्चा दुवा वाटतो. पाण्याबद्दलचे पत्र आणि ९ मार्चचे पान हे पुरावे बेलच्याच हातचे आहेत, म्हणून अधिक वजनदार.

सर्वोच्च न्यायालयाने १९ मार्च १८८८ रोजी चार विरुद्ध तीन मतांनी बेलचे पेटंट कायम केले. मजकूर मागाहून घुसवल्याचा आरोप बहुमताने फेटाळला. विरोधी तीन न्यायमूर्तींचे मतही ग्रेच्या बाजूने नव्हते. पेन्सिल्व्हेनियातल्या डॅनियल ड्रॉबॉ नावाच्या कारागिराने बेलच्या आधी टेलिफोन केला होता, असे त्यांना पटले होते. बहुमताच्या निकालातला एक मुद्दा शोधकांसाठी फार मोलाचा आहे. अर्ज देतेवेळी बेलच्या यंत्राने एकही शब्द पाठवलेला नव्हता, असा आक्षेप होता. न्यायालयाने म्हटले की ते आवश्यक नाही. पद्धत अशी नेमकी वर्णन केली असावी की त्या विद्येतला जाणकार तिच्यावरून यंत्र करू शकेल, एवढे पुरे.

आता सगळ्यात महत्त्वाचा प्रश्न. स्थगिती उठली तरी ग्रेचा हक्क संपला नव्हता. आधी कोणाला सुचले यावर पेटंट ठरणार असेल, तर तो पूर्ण अर्ज देऊन चौकशी मागू शकत होता. त्याने ती का मागितली नाही?

कारण त्याचे वकील विल्यम बाल्डविन यांनी दिलेला सल्ला. बेलचा अर्ज २० जानेवारीलाच शपथेवर झाला आहे, हे त्यांना कळले. ग्रेचे पहिले चित्र ११ फेब्रुवारीचे. चौकशीत तारखांवर तारखा ठेवल्या तर आपण हरणार, तेव्हा सोडून द्या, असे त्यांनी ग्रेला आणि व्हाइट यांना सांगितले. पाठीराख्याला टेलिफोनमध्ये रस नव्हताच. ग्रेने ऐकले. १८७७ मध्ये बेलला लिहिलेल्या पत्रात तर त्याने स्वतःहून म्हटले की, प्रत्यक्षात न उतरवलेल्या कल्पनेच्या नुसत्या वर्णनाला मी शोध म्हणत नाही आणि श्रेय मागत नाही. हे पत्र त्याच्या सज्जनपणाचे होते, आणि पुढच्या प्रत्येक खटल्यात तेच त्याच्याविरुद्ध वाचले गेले. त्या वकिली सल्ल्यात एक भोक होते: २० जानेवारीच्या शपथेखाली तो द्रवाचा परिच्छेद होता की नव्हता, हे कोणी तपासले नाही. तपासायची एकमेव अधिकृत संधी म्हणजे तीच चौकशी, आणि ग्रेनेच ती सोडली.

तार कंपनीने नंतर ग्रे आणि एडिसन यांचे हक्क विकत घेऊन बेलच्या कंपनीशी झुंज दिली. नोव्हेंबर १८७९ मध्ये तडजोड झाली, तार कंपनी टेलिफोनच्या धंद्यातून बाहेर पडली आणि बदल्यात भाड्याचा पाचवा हिस्सा घेऊन गेली. ग्रे १९०१ मध्ये वारला. आपण मूळ शोधक असून फसवलो गेलो, अशी त्याची खात्री आयुष्याच्या उत्तरार्धात पक्की होत गेली होती. बेलच्या पेटंटाची मुदत १८९३ मध्ये संपली.

आधी सुचले त्याला पेटंट, हा नियम अमेरिकेने मार्च २०१३ मध्ये सोडला. आता तिथेही आधी अर्ज देणाऱ्याला प्राधान्य आहे. कॅव्हेटची सोय तर १९१० मध्येच बंद झाली. भारतात १९७० च्या कायद्याप्रमाणे अर्जाची तारीख निर्णायक असते. मात्र कॅव्हेटसारखी एक सोय आपल्याकडे वेगळ्या रूपात आहे: काम अपुरे असताना तात्पुरत्या वर्णनासह अर्ज देता येतो आणि बारा महिन्यांत पूर्ण वर्णन द्यावे लागते. फरक मोठा आहे. ग्रेच्या कॅव्हेटने त्याला फक्त सूचना मिळण्याचा हक्क दिला. आपला तात्पुरता अर्ज ती तारीखच राखून ठेवतो, पण त्यात जे लिहिलेले आहे तेवढ्यापुरतीच. बारा महिन्यांत नवा मुद्दा सुचला आणि पूर्ण वर्णनात घातला, तर त्या मुद्द्याला जुनी तारीख मिळत नाही. म्हणून महाराष्ट्रातला जो तरुण एखाद्या यंत्रावर काम करतो आहे, त्याने तात्पुरत्या अर्जातच सगळे पर्यायी मार्ग लिहावेत, आणि प्रयोगाच्या वहीच्या प्रत्येक पानावर तारीख घालून सही करावी. बेल आणि ग्रे यांच्या प्रकरणात शेवटी बोलतात ती अशी पानेच.

बेलची ती वही अमेरिकेच्या लायब्ररी ऑफ काँग्रेसमध्ये आहे आणि तिची पाने इंटरनेटवर कोणालाही पाहता येतात. ग्रेच्या कॅव्हेटचे चित्रही मिळते. दोन तासांची गोष्ट पुन्हा कोणाला सांगण्याआधी ही दोन चित्रे शेजारी ठेवून स्वतः पाहा.